दहाचं ऊन

तिला 'घुबड' हे नाव मीच ठेवलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण ठेवलं होतं हे खरं. आर्किटेक्टच्या ऑफिसात तिची खोली माझ्या वर्कशॉपला लागून होती, मधे नुसती प्लायची भिंत. माझ्याकडे दोन मोठ्या खिडक्या. तिच्याकडे एकच, आणि तीही काळ्या पडद्यानं झाकलेली. कारण विचारलं तर म्हणाली, "बाहेरचा उजेड स्क्रीनवर पडला की रंग खोटे दिसतात, काका." त्या दिवशी डबा खाताना मी चारचौघांत म्हणालो की आपल्याकडे एक घुबड कामाला आहे. सगळे हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझं काम मॉडेल करण्याचं. पुठ्ठा, पातळ प्लाय, पारदर्शक पत्रा, कटर आणि गोंद. इमारत उभी राहण्याआधी टेबलावर मावेल एवढी करून दाखवायची. तिचं कामही तेच, फक्त कॉम्प्युटरवर. नकाशावरून ती स्क्रीनमध्ये इमारत उभी करायची, भिंतींना रंग द्यायची, सूर्य लावायची, आणि मग मशीन हिशेब करकरून चित्र काढायचं. त्याला ते लोक रेंडर म्हणतात. रेंडर आले आणि माझी मॉडेलं कपाटावर धूळ खात पडली. तेव्हा माझं तिच्याशी फारसं सख्य नव्हतं, यात नवल नाही. माझा धंदा हिनं बसवला, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

अकरा वर्षं आम्ही त्या प्लायच्या दोन बाजूंना बसलो. तिच्या खुर्चीची कुरकुर मला पाठ होती, माझा खोकला तिला. पण ती जेवते कुठं, घरी कोण आहे, हे मी विचारलं नाही. पुढं कळलं की पाचव्या मजल्यावर एका खोलीत एकटीच राहते. आई होती, ती गेली. भाऊ दुसऱ्या गावी, त्याचा फोन आला तर आला. सुट्टीच्या दिवशी तिच्या तोंडून एक शब्दही न निघता दिवस मावळतो, असं तिनं एकदा सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

एकदा मला काही मापं हवी होती म्हणून तिच्या खोलीत गेलो. स्क्रीनवर कुठल्याशा बँकेचं दालन होतं. त्यात माणसं उभी. ही माणसं तयार मिळतात, फोटोतून कापलेली, शेकड्यानं विकत घ्यायची आणि चित्रात हवी तिथं लावायची. तिनं एका निळ्या शर्टवाल्याकडे बोट दाखवलं.

"हा माझ्या अठ्ठेचाळीस चित्रांत आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात होता, शाळेत होता, आता बँकेत आलाय. आणि ही पिशवीवाली बाई. दोघं कधी एकमेकांकडं बघत नाहीत. मी कितीदा शेजारी शेजारी उभं केलं."

मी हसलो. ती हसली नाही. मी मापं घेऊन परत आलो आणि दाराची कडी लावली.

मग मंडईचं काम आलं. रस्त्यावर ताडपत्र्या बांधून बसणाऱ्या भाजीवाल्यांसाठी शेजारच्या मोकळ्या जागेवर छप्पर असलेली मंडई बांधायची होती. लांबलचक दालन, मधे रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गाळ्यांच्या रांगा. छपराच्या मध्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काचेची एकच पट्टी. बाकी छप्पर बंद. मी प्लायचं मॉडेल केलं, हातभर लांबीचं. साहेबांनी ते एकदा पाहिलं, छान म्हणाले आणि कपाटावर ठेवायला सांगितलं. बाजारवाल्यांना दाखवायला मोठं चित्र लागणार होतं. ते तिच्याकडे गेलं.

आणि ती चक्क बाहेर पडली. तिला खरे क्रेट हवे होते, खऱ्या भाज्या हव्या होत्या. कॅमेरा गळ्यात अडकवून रोज सकाळी बाजारात जाऊ लागली. परत यायची ती हात मातीनं भरलेले आणि बोलायच्या नादात असलेली. मला प्लायवरून ऐकू यायचं, ती स्वतःशीच बोलायची. मग एक दिवस तिनं मला बोलावलं.

"काका, या बघा."

मी गेलो. न जाऊन करतो काय, तिच्या आवाजात असं काही होतं की नाही म्हणवेना. तिनं मला सगळं दाखवलं. क्रेट तिनं एकच बनवला होता, पण अगदी एका कोपऱ्यातली तुटकी पट्टी, दोरीचा पीळ, खालच्या बाजूचा चिखल, सगळं घेऊन. मग त्याच्या आठशे नकला केल्या आणि प्रत्येक थोडा थोडा फिरवला, कारण सरळ रेषेत लावलेले क्रेट कुणी माणसानं लावलेत असं वाटत नाही. टोमॅटो तिनं एकेक ठेवले नव्हते. कॉम्प्युटरमध्ये वरून सोडले आणि घरंगळत जाऊन ते आपापले बसले. फरशीचंही तसंच. एकाच फरशीचा फोटो पुन्हा पुन्हा लावला की डोळ्याला लगेच कळतं, म्हणून तिनं सहा वेगवेगळ्या फरश्या केल्या, त्या उलटसुलट फिरवल्या, सांध्यांत काळपट मळ भरला आणि नळाजवळच्या फरश्या ओल्या केल्या.

"आणि उजेड?" मी विचारलं. मला खोड काढायची होती.

"तेच तर अवघड आहे," ती म्हणाली. "वरून सूर्याचा येतो तो पिवळा. आकाशाचा येतो तो निळसर. गाळ्यांत ट्यूब लावल्यात त्यांचा आणखी वेगळा. सूर्य पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा जुळवला की सावली निळी पडते. सावली नीट केली की ऊन हळदीसारखं होतं. आणि लाल क्रेटवर ऊन पडलं की शेजारचा फ्लॉवर गुलाबी व्हायला लागतो. खऱ्या बाजारातही होतो तो, मी बघितलं. आपल्या लक्षात येत नाही एवढंच."

मी खोड काढायला गेलो होतो, ते तसंच राहिलं. बाई कामाची होती. हे मला अकरा वर्षांनी कळलं.

बाजारात तिला एक माणूस भेटलं होतं. पालेभाजीवाली मावशी. चाळीस वर्षं एकाच कोपऱ्यावर बसणारी, सगळ्यांत जुनी. हिनं पहिल्या दिवशी कोथिंबिरीचे फोटो काढले तेव्हा मावशीनं विचारलं, "फोटोच काढणार का बसणार पण?" आणि एक रिकामा क्रेट उपडा घालून दिला. बस्स. एवढ्यावर ही बाई जी विरघळली ती विरघळलीच. त्या क्रेटवर ती रोज तासभर बसायची. मावशी जुड्या बांधता बांधता बोलायची आणि ही ऐकायची. जेवलीस का, असं मावशी रोज विचारायची. हे तिनं मला तीनदा सांगितलं, म्हणून मला लक्षात आहे.

मावशीचा सगळा जीव उन्हात अडकलेला. पालेभाजीला ऊन लागलं की खेळ खलास. दहा वाजता मेथीवर ऊन आलं तर अकराला ती मान टाकते. रस्त्यावर मावशी सकाळभरात तीनदा जागा बदलायची, ओलं गोणपाट आणि जुड्या ओढत, गुडघे धरत. नवी मंडई होणार म्हटल्यावर तिचं एकच मागणं होतं. "मला सावलीतला गाळा पाहिजे. मग मी मरेपर्यंत हलणार नाही."

चित्र जवळजवळ झालं तेव्हा साहेबांनी पाहिलं. कॅमेरा दारातून आत बघत होता, डाव्या रांगेच्या जवळून. दहाचं ऊन काचेच्या पट्टीतून तिरपं उतरून डाव्या रांगेवर पडत होतं, म्हणजे अगदी समोरच्या गाळ्यांवर. ते पांढरेफटक दिसत होते.

"पुढचं सगळं जळलंय," साहेब म्हणाले. "ऊन उजवीकडं घे. मागे पडू दे. पुढं मऊ सावली, मागे उजेड. मजा येईल."

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. चित्राला ते बरंच होतं. तिनं ते केलंही, एका मिनिटात. त्या प्रोग्रामात जागा, तारीख आणि वेळ दिली की सूर्य आपोआप जिथल्या तिथं लागतो. पण उत्तर दिशा कुठं, हा एक आकडा असतो. तो फिरवला की सूर्य आणि आकाश, दोन्ही इमारतीभोवती फिरतात. या धंद्यातले सगळेच तो फिरवतात. घरात न येणारं ऊन आणतात, नको तिथलं काढतात. तिनं आकडा फिरवला आणि ऊन उजव्या रांगेवर गेलं. डावी रांग सावलीत आली. भिंतीवर तिनं एक घड्याळ लावलं होतं, त्यात दहा वाजले होते. घड्याळ तसंच राहिलं.

आणि मग तिनं तो उद्योग केला, ज्यामुळं मी हे सगळं सांगतोय. त्या मऊ सावलीत, डावीकडच्या तिसऱ्या गाळ्यात, तिनं मावशीला बसवलं. निळा शर्टवाला नव्हे, पिशवीवाली नव्हे. मावशीचा तिनं स्वतः काढलेला फोटो, कापून, जुड्या हातात असलेला. शेजारी एक उपडा क्रेट. तिच्या चित्रात पहिल्यांदाच ओळखीचं माणूस होतं. मला दाखवताना ती इतकी खूश होती की मीही काही पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. उत्तरेचा बाण मी माझ्या मॉडेलच्या पाटावर स्वतःच्या हातानं कोरला होता.

चित्र बाजारात लागलं, दोन माणसांच्या उंचीचं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की ही केवळ कल्पना आहे. ते कुणी वाचतं का? बाजार दोन दिवस त्याच्यासमोर गर्दी करून होता. मावशीला बघून लोक तिची थट्टा करत होते, काय हो, तुम्ही तर आत्ताच जाऊन बसलात. आणि भाजीवाल्यांच्या संघटनेनं गाळ्याच्या पसंतीचे अर्ज वाटले. जो जुना त्याची पसंती आधी. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचे, त्यानंतर बदल नाही.

बुधवारी ती बाजारात गेली, क्रेटवर बसली. मावशीनं तिला भरलेला अर्ज दाखवला.

"डावीकडला तिसरा," मावशी म्हणाली. "तू दाखवलास तोच. दहाचं घड्याळ बघितलं मी. दहा वाजले तरी सावली. माझ्या मागं सगळ्या पालेवाल्या डावीकडंच भरतायत. म्हटलं, पोरीनं माझी जागा बरोबर हेरली."

ती ऑफिसात आली तेव्हा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी मावशीला उन्हात बसवलं."

मला आधी काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. सूर्य सकाळी पूर्वेला. पूर्वेची रांग उजवी. वरच्या पट्टीतून येणारं सकाळचं ऊन समोरच्या, म्हणजे डाव्या रांगेवर पडणार. नऊपासून साडेदहापर्यंत, रोज, नेमकं धंद्याच्या वेळेला. उजवीकडं ऊन जाणार ते दुपारी, पालेभाजी विकून संपल्यावर. आणि गाळा सिमेंटचा, तो ओढून सावलीत नेता येत नाही.

मी म्हणालो, "साहेबांना सांग."

तिनं सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्यापुढं दुसरी चार कामं होती. ते म्हणाले, "अगं, चित्र म्हणजे चित्र. खाली लिहिलंय ना? आता तिथं जाऊन आपलं चित्र चुकलं म्हणालो तर उद्या ते म्हणतील छप्पर पण चुकलं. हे काम आपल्या हातून जाईल. तू गप्प बस. नंतर वर एखादी जाळी बांधतील ते."

ती गप्प बसली. पण कामावर बसली. दोन दिवस तिनं दुसऱ्या कशाला हात लावला नाही. उत्तरेचा आकडा जागेवर आणला आणि त्याच कॅमेऱ्यातून सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंतची, दर तासाची चित्रं काढली. उन्हाळ्याची सात, हिवाळ्याची सात. लहान, खरखरीत, दाणेदार. आत उजेड कमी असला की मशीनला हिशेबाला वेळ लागतो, तो अर्धवट तोडला की चित्रात दाणे राहतात, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. दाणे पुसून टाकायची सोय असते, पण तिनं वापरली नाही. ती वापरली की पालेभाजीची पानं एकमेकांत मिसळून हिरवा चिखल होतो. हे मी न विचारताच तिनं मला सांगितलं. इतक्या गडबडीतही तिला मेथीची पानं दिसायला हवी होती. मला तिचं हसू आलं.

शुक्रवारी सकाळी ती चौदा कागद घेऊन निघाली. मी बरोबर गेलो. का गेलो विचाराल तर मलाही नीट सांगता येणार नाही. उत्तरेचा बाण आणि 'घुबड', दोन्ही माझ्या नावावर होतं, एवढंच.

मावशी जुड्या बांधत होती. क्रेट उपडा ठेवलेलाच होता. ती बसली नाही.

"मावशी, ते चित्र खोटं आहे," ती उभ्यानंच म्हणाली. "डावीकडं ऊन येणार. मी ऊन फिरवलं होतं. चित्र चांगलं दिसावं म्हणून."

मावशीचे हात थांबले. "मला कुठं बसवलंस मग?"

"उन्हात."

"माहीत असून?"

"बसवताना लक्षात नव्हतं. मला फक्त तुम्हाला त्यात घ्यायचं होतं."

मावशीनं वाकून तो क्रेट सरळ केला, त्यात पालक भरला आणि मागे सरकवून ठेवला. मी त्या बाजारात नंतर पुष्कळ आरडाओरडा ऐकला, पण त्या क्रेटचा रस्त्यावर घासलेला आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही.

आरडाओरडा झालाच. तिनं मोठ्या चित्राखाली चौदा कागद चिकटवले आणि लोक जमले. संघटनेचा सेक्रेटरी म्हणजे कांदेबटाटेवाला. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, तेही तुमचंच चित्र, हेही तुमचंच. ते खोटं, हे खरं, हे आम्ही कशावरून धरायचं? उद्या तिसरं आणाल."

यावर ती आणखी दाखवणार काय? तिच्याकडे फक्त चित्रंच होती. मागून कुणीतरी म्हणालं की आधी फसवतात आणि मग रडतात. ती रडत नव्हती, सुटू लागलेला एक कागद पुन्हा दाबून चिकटवत होती. मला राग आला. माझा राग वाईट आहे, पण कधी कधी तो कामाला येतो.

"इथंच थांबा," मी सेक्रेटरीला म्हणालो. "अर्धा तास. कुणी अर्ज देऊ नका."

ऑफिसात गेलो, कपाटावरचं मॉडेल काढलं, धूळ फुंकली, रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. परत पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. बाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत, उघड्यावर, एका हातगाडीवर ते ठेवलं. गाडीचं एक चाक खाली होतं, त्याखाली वीट सरकवून पाट सपाट केला. खिशातून होकायंत्र काढलं आणि पाटावरचा बाण उत्तरेला लावला. समोरची भिंत काढून घेतली, म्हणजे दारातून दिसतं तसं आत दिसेल. छपरावर पारदर्शक पत्र्याची पट्टी होतीच.

"हे कुणी काढलेलं नाही," मी म्हणालो. "हा वरचा सूर्य. माझा नाही, तिचा नाही. वाका आणि बघा."

सेक्रेटरी वाकला. उन्हाची बोटभर पट्टी वरून आत शिरून सरळ डाव्या रांगेवर पडली होती. तिसऱ्या गाळ्यावर, दुसऱ्यावर, चौथ्यावर, सगळ्या रांगेवर. उजवी रांग गार होती. त्यानं मान वर करून सूर्याकडे पाहिलं, परत आत पाहिलं, मग तिचा दहाच्या चित्राचा कागद हातात घेतला आणि दोन्ही ताडून पाहिलं. एका केसाचा फरक नव्हता. मला अभिमान वाटला आणि तो माझ्या मॉडेलचा नव्हता.

गर्दी बाजूला सारून मावशी आली. गुडघे धरून वाकली. बराच वेळ आत बघत राहिली. मग सेक्रेटरीकडून स्वतःचा अर्ज मागून घेतला, डावीकडला तिसरा खोडला आणि त्याच्याकडून उजवीकडला तिसरा लिहून घेतला. तिच्यामागून बाकीच्या पालेवाल्यांनीही अर्ज बदलले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हिच्याकडे एकदाही न बघता मावशी आपल्या जागेवर जाऊन बसली.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. मंडईचं काम त्यांच्याकडेच राहिलं, कारण छपरात काही खोट नव्हती. पण दोन महिन्यांनी तिला सांगितलं की आता चित्रं बाहेरून करून घेणं परवडतं. तिनं काळा पडदा काढून त्याची घडी घातली आणि तो पिशवीत टाकला. जाताना मला म्हणाली, "काका, आता तुम्हाला शांतता."

शांतता कसली. प्लायच्या पलीकडे कुणी नसलं की आपला खोकला आपल्यालाच दोनदा ऐकू येतो, हे मला त्या वर्षी कळलं. मी दर रविवारी तिला फोन करू लागलो. आधी कामाचं निमित्त काढून, नंतर निमित्त न काढता. ती पाचव्या मजल्यावर बसून दूरदूरच्या लोकांसाठी स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं करत होती. त्यात माणसं लागत नाहीत, म्हणाली. निळा शर्टवाला सुटला एकदाचा.

"बाजारात जातेस का?" मी विचारायचो.

"नाही. मावशी बोलणार नाहीत."

दोन वर्षं हेच. मंडई बांधून झाली, सुरू झाली, तरी ती गेली नाही. भाजी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची, प्लास्टिकच्या पुडीतली. शेवटी मी खोटं बोललो. म्हणालो, त्या फरश्या तू दाखवल्यास तशा नाहीत, भलत्याच बसवल्यात. ही मात्रा लागू पडली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मंडईच्या दारात उभी होती.

अकरा वाजत आले होते. आत शिरलो आणि ती थांबली. मीही थांबलो. क्रेटचे ढीग जरा जरा तिरके लावलेले, नळाजवळ फरशी ओली, सांध्यांत काळपट मळ आत्ताच धरू लागलेला. वरून पिवळं ऊन, बाजूंना निळसर सावली, एका लाल क्रेटशेजारचा फ्लॉवर चक्क गुलाबी. भिंतीवर घड्याळही होतं. ऊन डाव्या रांगेवरून उतरून मधल्या रस्त्याच्या कडेला आलं होतं, जिथं तिच्या अकराच्या चित्रात होतं तिथं. मी आजवर शंभरेक इमारती मॉडेलातून बाहेर पडलेल्या पाहिल्या, पण अशी एकही नाही.

ती मात्र फरश्या बघत नव्हती. उजव्या रांगेत तिसऱ्या गाळ्यात, गार सावलीत, मावशी बसली होती. मेथी ताठ उभी होती. ही रस्त्याच्या डाव्या कडेला, त्या उन्हाच्या पट्ट्यात तशीच उभी राहिली, पुढं पाऊल टाकेना. लोक तिला वळसा घालून जात होते. मला वाटलं, आता ही इथूनच परत फिरणार.

मावशीनं मान वर केली. जुडीला दोरी गुंडाळत होती ती गुंडाळतच म्हणाली, "तिथं काय उभी राहिलीस? आत्ता तिथंच ऊन येतं. तूच सांगितलंस ना? इकडं ये."

ती रस्ता ओलांडून गेली. मावशीनं क्रेटमधला पालक फळीवर ओतला, क्रेट उपडा घातला आणि हातानं झटकला. ती बसली.

"जेवलीस?"

तिनं मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही रागावलाय."

"रागावले होतेच की," मावशी म्हणाली. "रागावले म्हणून काय दोन वर्षं यायचंच नाही होय?"

ती रडायला लागली. मावशीनं तिच्या मांडीवर कोथिंबिरीचा ढीग टाकला आणि दोरी हातात दिली. मी दाराजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, आणि साडेबारापर्यंत तिथंच होतो.